चेहरा बदलायचा की अख्खं डोकं? आधी कान बघा

लग्नाच्या अल्बमचं काम करणाऱ्याकडे महिन्यातून चार-पाच वेळा तरी हा फोन येतोच. "दादा, ग्रुप फोटो मस्त आलाय, फक्त मामांचा चेहरा दुसऱ्या फोटोतला लावा ना." सांगणाऱ्याला वाटतं काम पाच मिनिटांचं आहे. कधी ते खरंच तेवढं असतं. कधी मात्र 'चेहरा लावा' हे शब्द जसेच्या तसे पाळले की मामा मामांसारखे दिसेनासे होतात, आणि का दिसत नाहीत हे कुणालाच नेमकं सांगता येत नाही. कारण बहुतेक वेळा एकच असतं. तिथे चेहरा बदलून भागणार नव्हतं, अख्खं डोकं बदलायला हवं होतं.

या दोन कामांत लोक सर्रास गल्लत करतात, आमच्या लाइनमधले नवे पोरंसुद्धा करतात. म्हणून फरक आधी नीट बघू. मग एकाच ग्रुप फोटोतली दोन डोकी घेऊन, एकाला चेहरा का पुरला आणि दुसऱ्याला डोकं का लागलं, ते पायरी-पायरीने सांगतो. माझं काम फोटोशॉपवर चालतं, त्यामुळे मेन्यूची नावं तिथली आहेत. विचार कुठल्याही सॉफ्टवेअरला लागू पडेल.

जोड कुठे पडतो?

चेहरा बदलतो तेव्हा भुवयांच्या थोडं वरपासून हनुवटीपर्यंतचा आणि एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंतचा भाग बदलतो. केस, कपाळाची वरची कड, कान, जबड्याची बाहेरची रेषा आणि मान मूळ फोटोतलीच राहतात. मोबाइलवरची गमतीची अॅपसुद्धा हेच करतात. डोळे, नाक, ओठ आणि जबडा कुठे आहे ते शोधतात, दुसऱ्याचा चेहरा त्या साच्यात ताणून बसवतात आणि कडेचा रंग मिसळून टाकतात. म्हणून गोल चेहऱ्याच्या माणसाचं तोंड लांबोळक्या डोक्यावर बसवलं की तो ना धड हा वाटतो, ना धड तो. आपण माणूस ओळखतो तो नुसत्या नाकडोळ्यांवरून ओळखत नाही. डोक्याचा आकार, केसांची कपाळावरची रेषा आणि कान हे सगळं त्या ओळखीत धरलेलं असतं.

डोकं बदलतो तेव्हा केस, कान, कपाळ, टोपी किंवा फेटा, आणि मानेचा काही भाग असं सगळं एकत्र येतं. मूळ फोटोतलं शरीर तेवढं राहतं.

आता कामाच्या दृष्टीने बघा. चेहरा बदलताना जोड कातडीवर पडतो, म्हणजे गालावर, कपाळावर, जबड्याजवळ. माणसाची नजर सगळ्यात कडक असते ती नेमकी तिथेच. रंगात किंचित फरक पडला तरी तो पावडर लावल्यासारखा दिसतो. डोकं बदलताना जोड अशा ठिकाणी नेता येतो जिथे मुळातच एक कड आहे. शर्टाची कॉलर, साडीचा काठ, गळ्यातली ठुशी, मागचा पडदा. त्या कडेआड जोड लपून जातो. काम मोठं असूनही डोकं बऱ्याचदा चांगलं बसतं, ते यामुळे.

गंमत म्हणजे डोकं बदलणं आपल्याकडे प्रत्येकाने पाहिलेलं आहे. गल्लीतल्या स्टुडिओत शर्टावर काढलेल्या फोटोला तयार कोट-टाय 'चढवून' देतात ना, ते दुसरं काही नाही. कोटाच्या चित्रावर तुमचं डोकं ठेवलेलं असतं, आणि जोड कॉलरच्या आत असतो. चेहरा कापून लावत बसले असते तर एकही फोटो खपला नसता.

झालेलं काम ओळखायचं कसं

कुणी तयार फोटो दाखवून विचारलं की यात काय केलंय, तर मी पहिल्यांदा कान बघतो. त्याच माणसाचा दुसरा फोटो हाताशी असेल तर कानाची पाळी आणि वरची वळणं ताडून बघा. चेहरा त्याचा आणि कान दुसऱ्याचे असतील तर चेहरा बदललेला आहे. कानही त्याचेच असतील आणि तरी काहीतरी खटकत असेल तर गळ्याकडे उतरा. खोट बहुधा तिथे सापडते.

कानांनंतर केसांची कड बघायची. बदललेल्या चेहऱ्यात कपाळाच्या वरच्या भागात कातडीचा पोत अचानक बदलतो, किंवा भुवईच्या वर जुन्या भुवईची पुसट सावली उरलेली असते. जबड्याजवळ एक मऊ धुरकट पट्टा दिसतो, कारण मऊ ब्रशने मिसळताना तिथला पोत पुसला गेलेला असतो. चष्मा असेल तर काडी बघा. भिंगाजवळ एका उंचीवर सुरू झालेली काडी कानापाशी दुसऱ्याच उंचीवर पोचत असेल, तर चेहऱ्यापुरतंच काम झालंय हे पक्कं.

डोकं बदललं असेल तर खुणा वेगळ्या असतात. हनुवटीखाली कॉलरवर पडायला हवी ती सावली नसते. केसांभोवती मागच्या जुन्या रंगाची बारीक झालर राहिलेली असते. खांदे एकीकडे आणि डोकं दुसरीकडे वळलेलं असतं, पण मान वळल्याची खूण नसते. आपण डोकं जास्त वळवलं की कानामागून गळ्याच्या खळगीकडे जाणारा स्नायू दोरीसारखा वर येतो. तो न दिसता डोकं भरपूर वळलेलं असेल तर समजावं.

हा उद्योग आजचा नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धातले जनरल ग्रँट घोड्यावर बसल्याचा एक प्रसिद्ध फोटो आहे, 'सिटी पॉइंट' इथला म्हणून तो ओळखला जायचा. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या लोकांनी तो तपासला तेव्हा तो तीन फोटो जोडून केल्याचं निघालं. डोकं ग्रँटचं, घोडा आणि घोड्यावरचं शरीर मॅककुक नावाच्या दुसऱ्या जनरलचं, आणि मागचे लोक भलत्याच ठिकाणचे युद्धकैदी. संशयाचं एक कारण हेच होतं की डोकं शरीराच्या मानाने विचित्र कोनात बसलं होतं. लिंकनचं एक छापील चित्रही असंच आहे. कॅल्हून या पुढाऱ्याच्या चित्रातल्या शरीरावर लिंकनचं डोकं बसवलं, पण ते आरशातल्यासारखं उलटं करून. त्यामुळे त्याच्या उजव्या गालावरचा तीळ डावीकडे गेला आणि चोरी त्या तिळाने पकडून दिली. या तिळाकडे पुढे परत येणार आहे.

ठरवायचं कधी

माझा पहिला प्रश्न एवढाच असतो की दोन्ही फोटोंत डोकं एकाच दिशेला आहे का. मूळ फोटोत (ज्यात बदल करायचा तो) आणि देणाऱ्या फोटोत (ज्यातून घ्यायचं तो) नाकाच्या शेंड्यापासून प्रत्येक कानापर्यंतचं अंतर बघा. दोन्हीकडे प्रमाण जवळपास सारखं असेल तर डोकं एकाच बाजूला वळलेलं आहे, आणि चेहरा पुरेल. एका फोटोत डावा कान पूर्ण दिसतोय आणि दुसऱ्यात तो गालाआड गेलाय, असं असेल तर चेहऱ्याच्या नादाला लागू नका. समोर बघणारा चेहरा वळलेल्या डोक्यावर बसवला की एका बाजूचा गाल फुगतो आणि नाक मधूनच सरकतं. कितीही ताणा, ते जागेवर येत नाही.

दुसरा प्रश्न, चेहऱ्यावर काय काय आहे. चष्मा, फेटा, डोक्यावरून घेतलेला पदर, नवरा-नवरीच्या मुंडावळ्या. या सगळ्या गोष्टी चेहऱ्याची हद्द ओलांडतात. अर्ध्या चेहऱ्यावर आणि अर्ध्या बाहेर असतात. चेहरा कापला की त्याही कापल्या जातात.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका नवरीचा हसरा चेहरा शेजारच्या फ्रेममधून उचलून लावला. डोळे छान, हसू छान, अल्बम छापूनही दिला. घरच्यांच्या पहिल्याच बैठकीत नवरीच्या आत्याने बोट ठेवलं, "हिची मुंडावळी तुटली होती का हो?" मोत्यांची सर गालापर्यंत येऊन हवेतच संपत होती आणि दोन बोटं बाजूला खालचा तुकडा लोंबत होता. मुंडावळ्या श्वासासरशी हलतात, दोन फ्रेमच्या मध्ये त्या सरकलेल्या होत्या. तो अख्खा स्प्रेड मी पदरचे पैसे घालून परत छापला. तेव्हापासून मुंडावळ्या दिसल्या की एकतर फक्त डोळे बदलतो, नाहीतर सरांच्या टोकापर्यंत अख्खं डोकं घेतो. मधलं काही करत नाही.

तिसरा मुद्दा प्रकाशाचा. दोन्ही पर्यायांना तो सारखाच लागू आहे. नाकाची सावली कुठल्या बाजूला पडते आणि बुबुळातला चमकणारा ठिपका कुठे आहे, हे दोन्ही फोटोंत सारखं असायला हवं. वेगळं असेल तर दुसरी फ्रेम शोधा. इथेच 'उलटं करून बघू' असा मोह होतो, कारण फोटो आडवा उलटला की प्रकाश बरोबर बाजूने येतो. उलटं करू नका. तीळ, भांग आणि डाव्या नाकपुडीतली नथ हे सगळं उजवीकडे जातं. लिंकनचा तीळ पकडायला जाणकार लागला असेल, उजवीकडे गेलेली नथ घरातली कुठलीही बाई तीन सेकंदांत पकडते.

प्रत्यक्ष काम: एक ग्रुप, दोन डोकी

स्टेजवरचा चौदा जणांचा ग्रुप. मागे मरून पडदा, दोन बाजूंना दोन सॉफ्टबॉक्स. फोटोग्राफरने एकाच जागेवरून सहा फ्रेम घेतलेल्या. तिसरी फ्रेम सगळ्यांत चांगली, बारा जण अगदी हवे तसे. उरले दोन. नवरीची पापणी अर्धी मिटलेली, आणि उजव्या टोकाचे मामा बाजूच्या पोराला काहीतरी सांगायला वळलेले. पाचव्या फ्रेममध्ये दोघंही कॅमेऱ्याकडे बघत होते.

आधी दोन्ही फ्रेम एकाच फाइलमध्ये वेगवेगळ्या लेअरवर आणल्या, `File > Scripts > Load Files into Stack` ने. तिसरी फ्रेम खाली, पाचवी वर. मग खालची लॉक केली, दोन्ही निवडल्या आणि `Edit > Auto-Align Layers` मध्ये `Reposition` घेतलं. `Auto` घेतलं तर सॉफ्टवेअर फोटो ताणून किंवा वाकवून जुळवू शकतं, आणि टोकाला उभ्या माणसाच्या डोक्याचा आकार त्यात बदलतो. `Reposition` तसं ताणत नाही. जुळलं की नाही ते बघायला वरच्या लेअरचा ब्लेंड मोड थोडा वेळ `Difference` केला. जे सारखं आहे ते काळं दिसतं. पडदा आणि स्टेजची कड काळी झाली, म्हणजे कॅमेरा जुळला. माणसं हललेली होती, ती उजळ दिसणारच. मोड परत `Normal` केला.

नवरीचं काम छोटं होतं. नाक ते कान प्रमाण दोन्ही फ्रेममध्ये सारखं, डोकं जागेवरच, फक्त पापणी मिटली होती. मुंडावळ्या मात्र होत्याच. पाचव्या फ्रेमच्या लेअरला `Alt` दाबून मास्क लावला, म्हणजे तो पूर्ण काळा येतो आणि वरचं काहीच दिसत नाही. मग पांढऱ्या मऊ ब्रशने फक्त दोन्ही डोळे आणि त्यांच्या आसपासची बोटभर कातडी उघडी केली. भुवईला हात लावला नाही, गालावर उतरलो नाही. सर जिथून लोंबते त्याच्या आतच थांबलो. सात-आठ मिनिटांत झालं. तिथे अख्खं डोकं घ्यायला गेलो असतो तर गजऱ्यापासून ठुशीपर्यंत सगळं जुळवत बसावं लागलं असतं, तेही एका पापणीसाठी.

मामांचं प्रकरण वेगळं. तिसऱ्या फ्रेममध्ये त्यांचा एकच कान दिसत होता, पाचव्यात दोन्ही. त्यात डोक्याला फेटा. अंगात बंद गळ्याचा जोधपुरी कोट होता हे मात्र नशीब. उभी ताठ कॉलर म्हणजे जोड लपवायला यासारखी दुसरी जागा नाही.

पाचव्या फ्रेमची एक प्रत मामांसाठी वेगळी काढली आणि त्यातून फेट्याच्या वर हातभर पडदा, दोन्ही बाजूंना पडदा आणि खाली छातीपर्यंत असा ऐसपैस चौकोन कापून घेतला. नवा माणूस इथेच चुकतो. तो फेट्याच्या आणि केसांच्या कडेने नेमकं कापायला बसतो. मागे तोच पडदा आणि तोच प्रकाश असेल तर कड कापायची गरजच नाही. डोकं त्याच्या आजूबाजूच्या हवेसकट आणायचं आणि जोड पडद्यावर पाडायचा. पडद्याला पडदा कुठेही जुळतो. कानामागचे बारीक केस जसेच्या तसे येतात, झालर राहायचा प्रश्नच येत नाही. मागचं दृश्य वेगळं असेल तेव्हाच `Select and Mask` घेऊन केस सोडवत बसायची वेळ येते, आणि तेव्हा कामाचा वेळ सहज तिप्पट होतो.

पुढे मोजमाप. पाचव्या फ्रेममध्ये मामा अर्धं पाऊल पुढे आले होते, त्यामुळे डोकं थोडं मोठं दिसत होतं. इथे दोन डोळ्यांमधलं अंतर मोजून उपयोग नाही, कारण डोकं बाजूला वळलं की ते अंतर कमी दिसतं. उभं माप घ्यायचं, भुवईपासून हनुवटीपर्यंत. बाजूला वळल्याने उभं माप फारसं बदलत नाही (मान वर-खाली केली असेल तर मात्र बदलतं, तेवढं बघा). तिसऱ्या फ्रेममध्ये ते 248 पिक्सेल होतं, पाचव्यात 259. 248 भागिले 259, म्हणजे 95.8 टक्के. `Ctrl+T` दाबून वर रुंदी आणि उंची दोन्हींत 95.8 टाकलं. लेअर थोडा पारदर्शक करून कॉलरवर कॉलर आणली, दोन अंश फिरवलं तेव्हा खांद्याची रेषा बसली. नजरेने मोठं-लहान करत बसण्यापेक्षा एकदा माप घेतलेलं बरं. ग्रुपमध्ये शेजारच्या डोक्यांशी तुलना होते आणि चार-पाच टक्क्यांचा फरकही डोळ्याला टोचतो.

आता मास्क. परत काळा मास्क, पांढरा ब्रश. पडद्यावर ब्रश मोठा आणि मऊ, तिथे बिनधास्त. फेट्याचा शेमला खांद्यावरून पुढे आला होता, तोही वरच्या लेअरमधूनच घ्यावा लागला. शेमला अर्धा जुना आणि अर्धा नवा ठेवला की मुंडावळ्यांचीच गोष्ट पुन्हा. कॉलरपाशी ब्रश छोटा केला, कड थोडी टणक केली आणि मास्क कॉलरच्या वरच्या शिवणीवरून नेला. सगळ्या कडांना एकच मऊपणा द्यायचा नाही. फोटोत जिथे कड तीक्ष्ण आहे तिथे मास्कही तीक्ष्ण हवा.

मग तो त्रास आला जो चेहरा बदलताना कधी येत नाही. जुनं डोकं वळलेलं होतं, म्हणून ते नव्यापेक्षा डावीकडे जास्त पसरलं होतं. नवं डोकं बसल्यावर जुन्या फेट्याचा एक तुकडा मागून डोकावत राहिला. वरच्या लेअरमधला पडदा थोडा अजून उघडला आणि तो झाकला गेला. हवेसकट आणल्याचा हा दुसरा फायदा. त्या जागी मागच्या रांगेतल्या कुणाचा खांदा असता तर तो खांदा तिसऱ्या फ्रेममधला ठेवून फक्त मधली फट `Clone Stamp` ने भरावी लागली असती. ग्रुप फोटोत डोकं बदलण्याआधी नेहमी विचारा, जुनं डोकं उचललं तर त्याच्या मागे काय आहे, आणि ते माझ्याकडे आहे का?

रंगाचं काम फारसं नव्हतं, कारण फ्रेम एकाच सेटिंगवरच्या होत्या. तरी मामा अर्धं पाऊल दिव्याकडे सरकल्यामुळे चेहरा किंचित उजळ होता. डोक्याच्या लेअरवर `Curves` लावला, `Ctrl+Alt+G` ने तो फक्त त्याच लेअरपुरता बांधला आणि मधला भाग थोडा खाली ओढला. तुलना कशाशी करायची? शेजारच्या माणसाशी करू नका, प्रत्येकाचा वर्ण वेगळा. मामांच्याच हाताशी करा. हात मूळ फ्रेममधला आहे, तो खोटं बोलत नाही.

शेवटी सावली. तिसऱ्या फ्रेममध्ये वळलेल्या हनुवटीची सावली कॉलरच्या उजव्या बाजूला पडली होती. हनुवटी आता मध्ये आली, सावली जुन्याच जागी. डोकं चिकटवल्यासारखं दिसण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं. वरच्या लेअरमधून कॉलरचा पुढचा भागही उघडला, तेव्हा खरी सावली आपोआप आली. ती मिळत नसती तर `Multiply` मोडच्या नव्या लेअरवर, त्याच कोटाच्या सावलीतला रंग उचलून, मोठ्या मऊ ब्रशने अगदी हलकी सावली घातली असती. शुद्ध काळा रंग वापरायचा नाही, तो काजळी फासल्यासारखा दिसतो.

मामांना एकूण चाळीसेक मिनिटं लागली. त्यात तपासणी धरलेली आहे. ती मी दोनदा करतो. एकदा 100 टक्के झूमवर, कडा आणि फोटोतला रवा, म्हणजे बारीक दाणे, बघायला. आणि एकदा फोटो स्क्रीनवर पोस्टकार्डाएवढा करून, चौदाही डोकी एकदम बघायला. जवळून निर्दोष वाटलेलं डोकं दुरून मोठं वाटतं, असं बऱ्याचदा होतं. अल्बमचा बारा बाय छत्तीस इंचाचा स्प्रेड लोक हातभर अंतरावरून बघतात, झूम करून कुणी बघत नाही.

जिथे डोकंही बसत नाही

डोकं बदलणं हा हुकमी एक्का आहे असं कुणी समजू नये. सगळ्यात जास्त निराशा होते ती सेल्फीच्या बाबतीत. "लग्नाला येता आलं नाही त्याला ग्रुपमध्ये घ्या" म्हणून व्हॉट्सअॅपवर हातभर अंतरावरून काढलेला फोटो येतो. एवढ्या जवळून नाक मोठं आणि कान मागे दडलेले दिसतात. ग्रुप चार-पाच मीटरवरून काढलेला असतो, तिथे सगळ्यांचे कान नीट दिसतात. चेहरा लावा किंवा डोकं लावा, तो माणूस इतरांपेक्षा वेगळ्या भिंगातून पाहिल्यासारखाच दिसणार. लहान-मोठं करून हे सुटत नाही, कारण फरक आकाराचा नसून अंतराचा आहे. शिवाय व्हॉट्सअॅपने दाबलेल्या फोटोत रवा नसतो, चौकोनी डाग असतात. अशा वेळी मी सरळ सांगतो, त्याला उभं करून चार पावलं मागून, खिडकीसमोर, छातीपर्यंतचा फोटो काढा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा. निम्मे लोक पाठवतात, आणि मग काम होतं.

दुसरी अडचण रुंद भिंगाची. मोठा ग्रुप मावावा म्हणून फोटोग्राफर रुंद लेन्स लावतो, तेव्हा टोकाची डोकी बाहेरच्या बाजूला ताणली जातात. मामा दोन्ही फ्रेममध्ये उजव्या टोकालाच होते, म्हणून ताण सारखा होता. पाचव्या फ्रेममध्ये ते मधोमध उभे असते तर त्यांचं डोकं टोकाच्या शरीरावर अरुंद दिसलं असतं. देणारी फ्रेम निवडताना माणूस फोटोत त्याच भागात उभा आहे ना, हे म्हणूनच बघायचं.

उघड्या गळ्याचं काम मला अजूनही अवघड वाटतं. खोल गळ्याचा ब्लाउज असेल आणि गळ्यात काही नसेल, तर जोड लपवायला कड मिळत नाही आणि डोक्याचा जोडही कातडीवरच पडतो. तेव्हा मी जोड मानेच्या मध्यावर ठेवत नाही. एकतर वर हनुवटीखालच्या सावलीत नेतो, नाहीतर पार खाली खांदे आणि ब्लाउजच्या काठापर्यंत. खाली नेलं की डोक्याबरोबर खांदेही आले, मग हातही जुळवा. कधी कधी एवढं करण्यापेक्षा कंबरेपासून वरचा अख्खा माणूसच दुसऱ्या फ्रेममधून आणणं सोपं पडतं. मागे तोच पडदा असेल तर ते खरंच वीस मिनिटांत होतं.

आणखी एक. एकाच्या शरीरावर दुसऱ्याचं डोकं ठेवून द्या, अशी मागणी येते. गेलेल्या आजोबांचा जुना फोटो आणि काकांचं कोटातलं शरीर असं काही असेल, तर काकांशी स्वतः बोलल्याशिवाय मी फाइल उघडत नाही. परक्या माणसाचं शरीर किंवा परक्या बाईचा चेहरा असेल तर काम घेतच नाही, पैसे कितीही मिळोत.

फोटोग्राफर मंडळींना एक विनंती. ग्रुप झाला की लगेच हलू नका. त्याच जागेवरून, त्याच सेटिंगवर, "आता सगळे इकडे बघा" म्हणून अजून तीन फ्रेम घ्या. आणि माणसं स्टेजवरून उतरल्यावर रिकाम्या पडद्याची एक. ती रिकामी फ्रेम क्लायंटला कधीच दिसत नाही, पण जुन्या डोक्यामागे काय होतं ते मला तिच्यातूनच कळतं.